'डॅफोडिल्स'मधला कवी खरंच एकटा होता का? एखादी कविता 'रोमँटिक' कशी ठरते?

'रोमँटिक कविता' म्हटलं की आपल्याकडे लगेच गुलाब, चांदणं आणि प्रेमपत्रं आठवतात. पण साहित्याच्या अभ्यासात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे 'रोमँटिक' म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सुरू झालेली एक चळवळ. मराठीत तिला कुणी स्वच्छंदतावाद म्हणतं, कुणी सौंदर्यवाद. भावना, निसर्ग आणि व्यक्ती या तीन गोष्टींना या चळवळीने महत्त्व दिलं, हे पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं. परीक्षेत तेवढं लिहिलं की मार्कही मिळतात.

अडचण पुढे येते. भावना कुठल्या कवितेत नसते? फुलं आणि झाडं तर हजारो वर्षांपासून कवितेत आहेत. मग एखादी कविता 'रोमँटिक' आहे असं नेमकं कशावरून म्हणायचं?

याचं उत्तर शोधायला विल्यम वर्डस्वर्थची 'डॅफोडिल्स' ही कविता फार सोयीची आहे. चोवीस ओळींची ही कविता इंग्रजीतल्या सर्वांत प्रसिद्ध कवितांपैकी एक. ती ज्या दिवसावर आधारलेली आहे, त्या दिवसाची नोंद दुसऱ्या एका व्यक्तीने स्वतंत्रपणे लिहून ठेवली होती आणि ती आज उपलब्ध आहे. त्यामुळे प्रत्यक्षात काय घडलं आणि कवितेत त्याचं काय झालं, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतं. असा योग कमी कवितांच्या वाट्याला येतो.

त्या दिवशी काय घडलं होतं?

तारीख १५ एप्रिल १८०२. वार गुरुवार. उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तलावांच्या भागात बत्तीस वर्षांचा वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डॉरोथी अल्सवॉटर तलावाच्या काठाने पायी घरी निघाले होते. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे थॉमस क्लार्कसन आणि त्यांची पत्नी कॅथरीन यांच्या घरचा पाहुणचार घेऊन ते ग्रासमिअरला परतत होते.

डॉरोथी रोजनिशी लिहायची. ती छापण्यासाठी लिहिलेली नव्हती. भावाला वाचून आनंद व्हावा, हे ती लिहिण्यामागचं एक कारण होतं, असं तिने स्वतःच सुरुवातीला नोंदवलंय. रोजनिशी छापली गेली ती तिच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी.

या दिवसाची तिची नोंद वाचताना आधी जाणवतं ते हवामान. सकाळ धुकट, पावसाची चिन्हं असलेली. वारा इतका जोराचा की श्वास कोंडावा. परत फिरावं की काय, असंही दोघांच्या मनात येऊन गेलं. तलाव खवळलेला होता. मग गोबॅरो पार्कच्या रानापलीकडे पाण्याजवळ त्यांना थोडी डॅफोडिल्स दिसली. तलावाच्या पाण्याबरोबर बिया काठाला लागल्या असतील आणि त्यातून ही वसाहत उगवली असेल, असं त्यांना वाटलं. पुढे जावं तशी फुलं वाढत गेली. शेवटी झाडांखाली, काठाने, एखाद्या गाडीरस्त्याएवढा रुंद असा फुलांचा लांबलचक पट्टाच समोर आला.

इथे डॉरोथीने केलेलं निरीक्षण भारी आहे. काही फुलं दमून उशीवर मान टाकावी तशी दगडांवर डोकं टेकून पडली होती. बाकीची वाऱ्यावर डोलत, झोकांड्या खात, नाचत होती आणि जणू हसत होती. नंतर पाऊस आला. भिजलेले भाऊ-बहीण पॅटरडेलच्या एका खाणावळीत पोहोचले. तिथे त्यांनी हॅम आणि बटाट्याचं जेवण घेतलं, गरम पाण्यातली रम घेतली. मेरीही बरोबर असती तर, असं त्यांना वाटलं. मेरी हचिन्सन म्हणजे वर्डस्वर्थची होणारी बायको. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचं लग्न झालं. ती पुढे पुन्हा येणार आहे.

नाचणारी आणि हसणारी फुलं आधी डॉरोथीच्या वहीत आली, हे इथे लक्षात ठेवायला हवं. कविता अजून लिहिलीच गेलेली नव्हती.

कवितेत काय घडतं?

वर्डस्वर्थने कविता लिहिली ती साधारण दोन वर्षांनी, १८०४ मध्ये. ती छापली गेली १८०७ च्या संग्रहात, तेव्हा तिची तीनच कडवी होती. १८१५ मध्ये त्याने एक कडवं वाढवलं आणि काही शब्द बदलले. आज आपण वाचतो ती ही १८१५ ची आवृत्ती. कवितेला त्याने नाव दिलं नव्हतं. 'डॅफोडिल्स' हे वाचकांनी आपल्या सोयीसाठी लावलेलं नाव.

पहिल्या कडव्यात कवी दऱ्या-डोंगरांवरून तरंगणाऱ्या ढगासारखा एकटाच भटकतोय आणि अचानक त्याला तलावाकाठी फुलांचा घोळका दिसतो. दुसरं कडवं म्हणजे नंतर जोडलेलं. त्यात ही फुलांची रांग आकाशगंगेतल्या ताऱ्यांसारखी न संपणारी वाटते आणि एका नजरेत दहा हजार फुलं दिसतात. तिसऱ्यात शेजारच्या लाटाही नाचतायत, पण आनंदात फुलं त्यांच्याही पुढे आहेत. कवी बघतच राहतो, मात्र या दृश्याने आपल्याला केवढी संपत्ती दिली याचा विचार तेव्हा त्याच्या मनात येत नाही.

चौथ्या कडव्यात तलाव नाही, वारा नाही. कवी घरात कोचावर आडवा पडलाय, मन रिकामं आहे किंवा उदास आहे. अशा वेळी ती फुलं अचानक मनाच्या डोळ्यासमोर चमकून जातात आणि त्याचं काळीज त्यांच्याबरोबर नाचू लागतं.

पहिली तीन कडवी भूतकाळात आहेत. चौथं वर्तमानकाळात आहे, आणि एकदा घडलेली नव्हे तर पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट सांगतं. 'नाचणं' हा शब्द चारही कडव्यांत येतो, पण नाचणारं बदलत जातं. आधी फुलं, मग लाटा आणि शेवटी माणसाचं काळीज. अभ्यासाला बसताना एवढ्या दोन गोष्टींवर पेन्सिलने खूण केली तरी अर्धं काम होतं.

तेव्हा यात नवीन काय होतं?

आज हे सगळं ओळखीचं वाटतं. फिरायला गेलो, छान दृश्य दिसलं, आठवण राहिली. याचे फोटो तर आपण रोज बघतो. पण १८०७ मध्ये यावर टीकाकार चिडले होते. 'एडिंबरा रिव्ह्यू' या दबदबा असलेल्या नियतकालिकात फ्रान्सिस जेफ्रीने या संग्रहाची सालं काढली. इतक्या क्षुल्लक विषयांवर इतका गंभीर सूर कशाला, हा त्याचा मुख्य आक्षेप.

तो आक्षेप समजून घ्यायचा तर आधीची इंग्रजी कविता पाहावी लागते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात अलेक्झांडर पोपसारख्या कवींचा काळ होता. कविता म्हणजे सुसंस्कृत समाजाशी केलेलं चतुर, नेटकं बोलणं. विषय सर्वांना लागू पडणारा हवा, भाषा रोजच्या बोलण्यापेक्षा वरची हवी आणि कवीने स्वतःचं मन फार उघडं करू नये. निसर्ग त्या कवितेतही होता, पण बऱ्याचदा देखावा म्हणून किंवा एखादं तत्त्व पटवून देण्यासाठी.

वर्डस्वर्थ आणि त्याचा मित्र सॅम्युअल टेलर कोलरिज यांनी १७९८ मध्ये 'लिरिकल बॅलड्स' हा संग्रह काढला, तोही कवींची नावं न छापता. १८०० च्या दुसऱ्या आवृत्तीला वर्डस्वर्थने लांबलचक प्रस्तावना लिहिली. तिच्यात त्याने तीन भूमिका मांडल्या. कवितेचे विषय साध्या, ग्रामीण जगण्यातून यावेत. भाषा माणसं खरोखर बोलतात तिच्या जवळची असावी. आणि प्रसंग मोठा आहे म्हणून भावना मोठी होत नाही, उलट भावनेमुळे प्रसंगाला मोल येतं.

जेफ्रीला खटकलं ते हेच. फुलं बघणं हा काही मोठा प्रसंग नाही. पण ते एका माणसाच्या मनात किती खोल गेलं, यावर त्याची किंमत ठरवायची, असा हा उलटा हिशोब होता.

त्याच प्रस्तावनेत आजच्या वाचकाला थबकवणारी आणखी एक तक्रार आहे. शहरांत माणसं दाटीवाटीने राहू लागलीत, कामं एकसुरी झालीत, त्यामुळे सतत काहीतरी खळबळजनक ऐकण्याची भूक वाढलीय आणि बातम्या झपाट्याने पोहोचत असल्याने ती दर तासाला भागवली जातेय, असं वर्डस्वर्थ म्हणतो. हे १८०० साली, टेलिग्राफ यायच्याही आधी! साध्या गोष्टीने मन हलवून दाखवणारी कविता त्याला या सवयीवरचा उतारा वाटत होती.

आणि हो, यातला कुणीही स्वतःला 'रोमँटिक कवी' म्हणवून घेत नव्हता. हे लेबल या कवींना नंतरच्या पिढ्यांनी लावलं.

भावना: आधी येते की नंतर?

रोमँटिक कवी म्हणजे भावना उचंबळून आली की लगेच कागदावर ओतणारा, असा समज आहे. त्याला वर्डस्वर्थची प्रस्तावनाच काही अंशी जबाबदार आहे. कविता म्हणजे उत्कट भावनांचा आपसूक होणारा उद्रेक, अशा अर्थाचं त्याचं विधान सगळीकडे फिरतं. पण ते अर्धंच फिरतं.

लगेच पुढे तो सांगतो की अशी चांगली कविता लिहिणाऱ्याने आधी दीर्घकाळ, खोलवर विचार केलेला असतो. कविता उगम पावते ती शांतपणे आठवलेल्या भावनेतून. आठवता आठवता ती शांतता हळूहळू ओसरते आणि मूळ भावनेशी नातं असलेली एक नवी भावना मनात तयार होते. कविता लिहिण्याची सुरुवात त्या दुसऱ्या भावनेपासून होते.

'डॅफोडिल्स' म्हणजे या सिद्धान्ताचं जणू प्रात्यक्षिक. तलावाकाठी कवीला आनंद होतो, पण त्या आनंदाचं मोल कळतं घरी, कोचावर, कितीतरी दिवसांनी. कवितेचा सर्वांत भावनिक क्षण फुलांच्या सान्निध्यात घडतच नाही. त्या क्षणी कवीजवळ फक्त आठवण असते.

वर्डस्वर्थने ही कविता संग्रहात कुठे ठेवली, तेही बोलकं आहे. १८०७ मध्ये ती स्वतःच्या मनाच्या लहरींविषयीच्या कवितांच्या गटात होती. म्हणजे त्याच्या लेखी ती मुळात फुलांवरची कविता नव्हतीच, मनावरची होती. १८१५ मध्ये त्याने ती कल्पनाशक्तीच्या कवितांच्या गटात हलवली आणि वर एक टीप जोडली. प्रखर वस्तूकडे टक लावून पाहिल्यावर डोळे मिटले तरी तिची आकृती दिसत राहते ना, तशा प्रकारचा हा ठसा आहे, असा त्या टिपेचा रोख होता. कल्पनाशक्ती इथे फारसं काम करत नाही, तिच्यावर ठसा उमटतो, असं त्याचं म्हणणं.

निसर्ग: वर्णन की आणखी काही?

आता डॉरोथीची नोंद पुन्हा कवितेशेजारी ठेवू. श्वास कोंडणारा वारा कवितेत मंद झुळूक होतो. पाऊस गायब होतो. दगडांवर मान टाकून पडलेली दमलेली फुलंही गायब. उरतात ती फक्त नाचणारी, आनंदी फुलं.

निसर्गचित्र म्हणून पाहिलं तर डॉरोथीचं लेखन जास्त अचूक आहे. तिला फुलांमधला फरक दिसतो, बिया कुठून आल्या असतील हा प्रश्न पडतो, पट्ट्याची रुंदी मोजावीशी वाटते. वर्डस्वर्थ मात्र फुलाची एकही पाकळी वर्णन करत नाही. रंगसुद्धा पहिल्या आवृत्तीत नव्हता. आधी तिथे फुलांना 'नाचरी' म्हटलं होतं, ते काढून १८१५ मध्ये 'सोनेरी' केलं. तसंच 'हसरा' घोळका बदलून 'उल्हसित' असा जरा भारदस्त शब्द आणला. (इथे पहिला पाठच बरा होता, असं म्हणायला जागा आहे. 'हसरा' या शब्दात डॉरोथीच्या वहीचा थेट आवाज होता.)

म्हणजे वर्डस्वर्थचं निरीक्षण कमी पडलं का? तसं नाही. त्याला फुलांची जात नव्हे, फुलं आणि मन यांच्यातला व्यवहार दाखवायचा होता. म्हणून तो निवड करतो. दमलेलं फूल शेवटच्या कडव्यात उपयोगाचं नाही, कारण तिथे मन उदास आहे आणि त्याला उठवणारं काहीतरी हवं आहे. फुलांना तो माणसाच्या क्रिया देतो आणि शेवटी माणसाला फुलांची क्रिया देतो. पहिल्या कडव्यात ढग कोण तर माणूस, चौथ्यात नाचणारं कोण तर पुन्हा माणूस. निसर्ग आणि मन एकमेकांच्या जागा घेतात. रोमँटिक कवितेतला निसर्ग आणि नुसतं निसर्गवर्णन यांच्यातली रेघ इथे कुठेतरी आहे.

आणि तो 'एकटा'?

आता सर्वांत अवघड मुद्दा. त्या दिवशी वर्डस्वर्थ एकटा नव्हता. बहीण बरोबर होती, तिने त्याच्याइतकंच, कदाचित त्याच्याहून बारकाईने पाहिलं होतं. कवितेत ती नाही. 'आम्ही'चा 'मी' झाला आणि त्या 'मी'ला पहिल्याच ओळीत एकटेपण बहाल झालं.

यावर दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे, कवीने खोटं लिहिलं, बहिणीचं श्रेय ढापलं. दुसरी म्हणजे, कविता ही कविता असते, तिला घटनेशी ताडून काय करायचं? दोन्हींमध्ये तथ्य आहे, पण दोन्ही घाई करतात.

कवितेच्या रचनेत एकटेपण का लागतं, हे आधी बघायला हवं. पहिल्या कडव्यातलं एकटेपण रिकामं आहे. ढगाला ना दिशा ना सोबत. शेवटच्या कडव्यातलं एकटेपण भरलेलं आहे, त्यालाच कवी सुख म्हणतो. एका प्रकारच्या एकटेपणापासून दुसऱ्या प्रकारच्या एकटेपणापर्यंतचा हा प्रवास आहे. मध्ये जी सोबत मिळते ती फुलांची. तिथे डॉरोथी असती तर फुलांना 'सोबत' म्हणण्यात दम राहिला नसता. म्हणून ती वगळली गेली.

पण याचा अर्थ असाही होतो की रोमँटिक कवितेतला एकटा, स्वयंपूर्ण 'मी' ही सापडलेली वस्तू नाही, घडवलेली आहे. गंमत म्हणजे ती घडवायलाही घरातल्या बायकांचे हात लागले होते. नाचणाऱ्या, हसणाऱ्या फुलांची प्रतिमा आधी डॉरोथीच्या वहीत आहे. आणि शेवटच्या कडव्यातल्या मनाच्या डोळ्याबद्दलच्या, एकांताच्या सुखाबद्दलच्या दोन ओळी मेरीच्या आहेत! हे वर्डस्वर्थने स्वतः सांगितलं. १८४३ मध्ये इझाबेला फेनविक या मैत्रिणीला आपल्या कवितांविषयी माहिती सांगताना त्याने नोंदवून घेतलं की कवितेतल्या दोन सर्वांत चांगल्या ओळी मेरीच्या आहेत. एकांताच्या सुखाची सर्वांत गाजलेली ओळ दुसऱ्या माणसाने सुचवलेली आहे, ही गोष्ट वर्गात क्वचितच सांगितली जाते.

पुढची गंमत अशी की नेमक्या त्याच ओळींवर कोलरिज घसरला होता. १८१७ च्या आपल्या समीक्षाग्रंथात त्याने जुन्या मित्राच्या कवितेचे गुणदोष मांडले. विषयाच्या मानाने विचार आणि प्रतिमा फार मोठ्या होतात, या दोषाचं उदाहरण म्हणून त्याने 'डॅफोडिल्स'चं शेवटचं कडवं घेतलं. मनाचा डोळा, एकांतातलं सुख हे शब्द एखाद्या सत्शील माणसाने आपल्या साऱ्या आयुष्याकडे वळून पाहताना शोभतील, आणि इथे त्यांच्या लगेच पाठोपाठ काय येतं, तर फुलांबरोबर नाचणारं काळीज. उंचावरून धपकन खाली आल्यासारखं होतं, अशी त्याची तक्रार.

कोलरिजचं म्हणणं पटो न पटो, ते विचारात घेण्यासारखं आहे. कारण चळवळीच्या आत बसलेला माणूसच इथे विचारतोय की एका व्यक्तीची लहानशी भावना किती वजन पेलू शकते? वर्डस्वर्थचं उत्तर होतं, कितीही. कोलरिजला तेवढी खात्री नव्हती.

फुलच पाहिलं नसेल तर?

डॅफोडिल हे नार्सिसस कुळातलं, म्हणजे आपल्या उर्दू-हिंदी गाण्यांतून ऐकलेल्या नर्गिसच्या नात्यातलं फूल. इंग्लंडच्या रानात ते वसंताच्या सुरुवातीला फुलतं. लांबलेला, राखाडी हिवाळा संपल्याची ती खूण असते. ज्याने तो हिवाळा काढलाय त्याला पिवळ्या पट्ट्याचा अर्थ सांगावा लागत नाही. कोकणात किंवा विदर्भात बसून वाचणाऱ्याला तो सांगावा लागतो.

इंग्रजी शिक्षणाबरोबर इंग्रजी कविता वसाहतींमध्ये पोहोचली तेव्हा हीच अडचण लाखो मुलांना आली. अँटिग्वात वाढलेल्या लेखिका जमैका किनकेड यांच्या 'ल्यूसी' या १९९० च्या कादंबरीत ती ठळकपणे येते. कॅरिबियन बेटावरच्या नायिकेने दहा वर्षांची असताना ही कविता शाळेत सगळ्यांसमोर म्हणून दाखवली होती. फूल तिने कधीच पाहिलेलं नव्हतं. पुढे अमेरिकेत मुलं सांभाळायला गेल्यावर तिथली मालकीण मोठ्या हौसेने तिला डॅफोडिल्स दाखवायला नेते. ल्यूसीला ती फुलं कापून टाकावीशी वाटतात.

हा राग कवितेबाहेरचा म्हणून सोडून देता येत नाही. वस्तूचं मोल मनावर उमटलेल्या ठशावरून ठरतं, असं ही कविताच सांगते. ल्यूसीच्या मनावर त्या फुलाचा ठसा उमटला होता तो पाठांतराचा आणि सक्तीचा. कवितेचाच नियम तिला लावला तर तिचा रागही तितकाच खरा ठरतो.

मग मराठी कवितेत हे कसं ओळखायचं?

इंग्रजी रोमँटिक कवितेचा मराठीशी खरा संबंध आहे. केशवसुतांची (१८६६–१९०५) पिढी शाळा-कॉलेजात ही कविता वाचून मोठी झाली. केशवसुतांनी सॉनेट मराठीत आणलं आणि कवीच्या 'मी'ला कवितेच्या मध्यभागी बसवलं. पण 'फूल दिसलं, मी दिसला, झाली रोमँटिक' अशी यादीवर खुणा करण्याची पद्धत इथे लगेच फसते.

कालिदासाचं मानलं जाणारं 'ऋतुसंहार' घ्या. सहा ऋतू, फुलं, पाखरं, विरह, सगळं भरभरून आहे. पण ते अनुभव सर्वांचे आहेत. अमुक एका दिवशी अमुक एका माणसाला झालेला आणि त्याला आतून बदलणारा असा अनुभव तिथे शोधायचा नसतो. तिथे निसर्ग आहे, भावना आहे, तरीही ते काव्य रोमँटिक चळवळीतलं नाही, आणि त्यामुळे त्याला कमीपणाही येत नाही.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे बालकवींची (१८९०–१९१८) 'औदुंबर'. जेमतेम आठ ओळी. झरा, टेकडीपलीकडचं छोटं गाव, शेतं, पायवाट, काळा डोह आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं औदुंबराचं झाड. यात 'मी' कुठेच नाही. कुणी हसत नाही, रडत नाही. यादी हातात धरून बसलो तर ही कविता नापास व्हावी.

पण तिच्यातली नजर कशी सरकते ते पाहिलं तर वेगळं दिसतं. उजळ हिरवळीपासून सुरुवात होते, मग वस्ती लागते, मग माणसांची वाट, आणि ती वाट जाते काळ्या डोहाकडे. उजेडाकडून अंधाराकडे हा क्रम आपोआप झालेला नाही, कुणीतरी त्या क्रमाने बघतंय. झाडाला बसण्याची माणसासारखी ढब मिळते ती अगदी शेवटी. तोवर वाचकाच्या मनात एक उदास शांतता तयार झालेली असते, आणि ती झाडाची, पाहणाऱ्याची की वाचकाची, हे वेगळं करता येत नाही. वर्डस्वर्थने चौथ्या कडव्यात घरी जाऊन, कोचावर पडून जे सांगितलं, ते बालकवी सांगतच नाहीत. ते डोहाजवळच थांबतात.